इंग्रजीसाठी धरलेलं नवरात्र

आमच्या वाडीत इंग्रजी कुणाला लागत नाही. बाजरीला लागत नाही, शेळ्यांना लागत नाही, आणि मुंबईला हमालीला गेलेल्या माणसांचं 'लोडिंग' आणि 'ओव्हरटाइम' एवढ्या दोन शब्दांवर आयुष्य निघतं. सरकारला मात्र लागतं. अंगणवाडीच्या सेविकेला पर्यवेक्षिका व्हायचं असेल तर परीक्षेत इंग्रजी व्याकरणाचे पंधरा प्रश्न सोडवावे लागतात. लेकरांची वजनं घ्यायला आणि गरोदर बायकांच्या नोंदी तपासायला इंग्रजी व्याकरण कशाला, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मी मनुबाई, त्या अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवते, लेकरं गोळा करते आणि जे दिसतं ते बोलते. त्यामुळे माझं फारसं कुणाशी पटत नाही.

स्वप्नालीताईंशी पटायचं. त्या आमच्या सेविका. वीस वर्षं सेविका, मुक्त विद्यापीठातून बीए झालेल्या, आणि वय चव्वेचाळीस. खात्यातल्या सेविकांसाठी ज्या राखीव जागा असतात त्यांना पंचेचाळीसची अट. म्हणजे ही शेवटची संधी. आधीच्या परीक्षेत त्या चार गुणांनी राहिल्या होत्या. मराठी, गणित, पोषणाचे प्रश्न सगळं चांगलं गेलं होतं. इंग्रजीत तीसपैकी दहा पडले होते. तेही पाच प्रश्न देवाचं नाव घेऊन खूण केलेले.

"मने, मला इंग्रजी येत न्हाई म्हणून मी मानधनावरच म्हातारी व्हनार," असं त्या एकदा पोषण आहाराची पोती मोजता मोजता म्हणाल्या होत्या. रडल्या नाहीत, नुसतं सांगितलं.

जाहिरात आली भाद्रपदात. परीक्षा मार्गशीर्षाच्या तोंडावर. मधे तीन महिने. क्लास दहिवडीला, आणि त्याची वेळ अंगणवाडीचीच. मग ताईंनी स्वतःच आराखडा बसवला. आधी त्यांनी जुन्या पाच-सहा प्रश्नपत्रिका काढल्या आणि कुठल्या भागावर किती प्रश्न येतात ते पाहिलं. काळ, कर्ता-क्रियापदाचा मेळ, आर्टिकल, प्रीपोझिशन, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट, वाक्यातली चूक शोधा, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द. फिरून फिरून हेच. "सगळं पुस्तक कशाला वाचायचं? चोर ज्या वाटेनं येतो तिथंच दबा धरायचा," म्हणाल्या.

पहिला महिना पायाचा. शब्दांच्या जाती, काळ आणि कर्ता-क्रियापद. पहाटे उठून दीड तास नवा नियम, दुपारी लेकरं गेल्यावर त्याच नियमाची तीस-चाळीस उदाहरणं. दुसऱ्या महिन्यात बाकीचे भाग. रोज आठ शब्द, जास्त नाही. ते दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा विचारायचे. रविवारी नवं काही नाही, आठवड्यात चुकलेलं तेवढंच परत करायचं. तिसरा महिना घड्याळ लावून पेपर सोडवायचा, आणि शेवटचे दहा दिवस एकही नवा नियम डोक्यात घालायचा नाही.

हे सगळं चालायला घर कुणीतरी ओढायला हवं. नवरा मल्हार मुंबईला गोदीत, पोरगी पूजा सांगलीला नर्सिंगला. राहिल्या सासूबाई, धोंडुबाई. सत्तरीला आलेली बाई, साखरेचा आजार, आणि तोंड माझ्यापेक्षा तिखट. मला वाटलं होतं, ही म्हातारी काही चुलीपाशी जायची नाही. पण तिने पहिल्याच दिवशी सुनेच्या हातातली परात काढून घेतली.

"तू तुजं इंग्रजी थाप, मी भाकरी थापते," म्हणाली.

खरं सांगते, सासू-सुनेचं असं कौतुक मी कुठे पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. धोंडुबाईला अक्षरओळख नव्हती. पण दुपारी अंगणवाडीच्या दारात येऊन बसायची आणि विचारायची, "आज काय हाय?" ताई सांगायच्या, "आत्या, आज व्हॉइस हाय. काम करनारा मागं आनि केलेलं काम फुडं." म्हातारी मान हलवायची. "म्हंजी आपल्या घरातल्यावानी. राबनारी मागं आनि नाव दुसऱ्याचं फुडं." आम्ही तिघी हसायचो.

पहिला महिना बरा गेला. रविवारच्या परीक्षेत पंधरापैकी आठ, मग नऊ. दुसऱ्या महिन्यात मात्र गाडी उलटी फिरली. प्रीपोझिशन आणि डायरेक्ट-इनडायरेक्ट आलं आणि मार्क सातवर आले, मग सहावर. त्यात पोषण ट्रॅकरचं ॲप बंद पडलं, सगळी माहिती परत भरा असा हुकूम आला, आणि दोन रविवार गेले. पुन्हा सहा पडले त्या दिवशी ताई पेपर बाजूला ठेवून ओट्यावर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या.

"सगळे नियम पाठ हायेत गं. पन पेपर समोर आला की एकात एक गुततात. मला न्हाई जमत."

धोंडुबाई शेळीला पाला टाकत होती. तिने पाला टाकला, हात झटकले आणि घरात गेली.

ताई दुसऱ्या दिवशी डोळे पुसून परत बसल्या. हे त्यांचं मला फार आवडायचं. त्यांनी चुकलेले सगळे प्रश्न काढले आणि तीन ढीग केले: नियमच माहीत नव्हता ते, माहीत होता पण विसरला ते, आणि माहीत असून घाईने चुकले ते. घाईचा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. वाक्य शेवटपर्यंत न वाचताच त्या उत्तर मारत होत्या. मग त्यांनी आराखडाच बदलला. नवे नियम थोडे दिवस बंद. प्रत्येक वाक्यात आधी कर्ता शोधायचा, मग क्रियापद, मग काळ दाखवणारा शब्द, आणि मगच पर्याय बघायचे. सुरुवातीला एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं लागायची. मग एक लागायला लागलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पंधरापैकी अकरा पडले. ताईंनी मला पेढा दिला, तो धोंडुबाईच्या नजरेआड खावा लागला, कारण साखर.

पण म्हातारीच्या मनात तो रडण्याचा दिवस रुतून बसला होता. अकरा म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं. सूनबाई रडली होती एवढं कळत होतं. तिला इंग्रजी शिकवता येत नव्हतं, क्लास लावता येत नव्हता. तिच्या हातात होतं ते तिने केलं.

म्हसवडच्या सिद्धनाथाचं उभ्याचं नवरात्र आमच्या भागात सगळ्यांना माहीत. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत नवरात्र धरणारा माणूस खाली बसत नाही. उभ्यानेच फराळ, उभ्यानेच नामस्मरण, झोप आली तर खांबाला टेकून लागेल तेवढा डोळा. पायांत वहाण नाही. बहुतेक जण म्हसवडला जातात. ज्यांना जमत नाही, ते आमच्या वाडीतल्या नाथाच्या ठाण्यातच, त्या छोट्या देवळातच, धरतात. धोंडुबाईने पाडव्याला सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ठाण्यात जाऊन उभी राहिली. कुणाला विचारलं नाही. सून धावत गेली तेव्हा म्हणाली, "आता संकल्प सोडलाय. मोडता येत न्हाई. तू जा, पेपर सोडव."

ठाण्याचा पुजारी भला माणूस. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आवं धोंडुबाई, साखरंच्या मानसानं हे करू नये. देव काय रागावत न्हाई, बसा." पण ऐकते कोण! ती उभी, आणि तिची सून तिकडे घरात घड्याळ लावून बसलेली. चुलीचं, शेळ्यांचं मी बघत होते. अंगणवाडीला दिवाळीची सुट्टी होती. ताईंच्या आराखड्यात पूर्ण पेपर सोडवायचे हेच दिवस ठेवले होते. शंभर प्रश्न, दोन तास, त्यात इंग्रजीला पंधरा मिनिटं. सुट्टी संपली की असे सलग दिवस परत मिळणार नव्हते.

नवरात्र निम्म्याच्या वर सरल्यावर ताई सासूला फराळ घेऊन गेल्या. मी बरोबर होते. म्हातारीचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले होते. उजव्या अंगठ्याखाली खडा घुसून जखम झाली होती, आणि तिला पत्ताच नव्हता. साखरेने पायाची जाणीवच गेलेली. जखमेच्या कडेला काळपट झालं होतं आणि वास येत होता.

"आत्या, आत्ताच्या आत्ता दहिवडीला डॉक्टरकडं," ताई म्हणाल्या.

"तुळशीचं लगीन लागू दे. चार दिस राह्यले."

"चार दिस न्हाई थांबायचं. ही जखम साधी न्हाई."

"आन् आत्ता दवाखान्यात गेले तर माज्याजवळ कोन बसनार? तूच ना? मग तुजा पेपर? मोडलेल्या नवसाचं फळ उलटं येतं, ठावं हाय न्हवं? तुला नापास करायचंय का मला?"

ताईंनी तिथेच जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. पुन्हा विनवलं. पुजाऱ्याने विनवलं. मीही दोन शिव्या घातल्या. म्हातारी खांबाला धरून डोळे मिटून उभी राहिली. ताई बराच वेळ तिच्या पायाकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "चल." घरी आल्यावर त्यांनी मल्हारभाऊंना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. फोन लावला असता तर ते आले असते, आईला उचलून नेलं असतं, घरात रडारड झाली असती आणि उरलेले पेपर राहिले असते. हे त्यांच्या मनात आलं हे मला तोंडावर दिसलं. मी तरी कुठे फोन लावला? मलाही त्या पास व्हायला हव्या होत्या. त्या दिवशीच्या पेपरात इंग्रजीत तेरा आले.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी नवरात्र उठलं आणि धोंडुबाई बसली ती बसलीच. अंग तापाने भाजत होतं. दहिवडीच्या डॉक्टरने पट्टी सोडली, पाहिलं आणि सांगितलं, सांगलीला न्या, आजच. सांगलीच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर म्हणाले, पाय सडलाय, गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर बाई जाईल. चार दिवस आधी आणलं असतं तर कदाचित एका बोटावर निभावलं असतं. हे वाक्य ते मल्हारभाऊंना म्हणाले. ताई मागे उभ्या होत्या.

पाय कापला. त्यानंतर आठवड्याने परीक्षा, आणि केंद्रही सांगलीच. ताई रात्रंदिवस दवाखान्यात होत्या. आराखड्यातले शेवटचे दहा दिवस उजळणीचे; ती त्यांनी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर केली. नवा नियम नाही, फक्त स्वतःच्या चुका. परीक्षेच्या सकाळी म्हणाल्या, मी जात नाही. तर धोंडुबाई अंथरुणातून ओरडली, "मग पाय कशाला दिला गं मी?" वॉर्डातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ताई गेल्या.

इंग्रजीच्या पंधरा प्रश्नांत त्यांनी एकही खूण देवाच्या नावाने केली नाही. प्रत्येक वाक्यात कर्ता शोधला, क्रियापद शोधलं, काळ पाहिला. उत्तरतालिका आली तेव्हा पंधरापैकी तेरा बरोबर होते. तीसपैकी सव्वीस. फाल्गुनात यादी लागली, आणि तीत स्वप्नालीताईंचं नाव होतं. नेमणूक वडूजकडच्या अंगणवाड्यांवर. पगार, पेन्शन, सगळं.

वाडीत गुलाल उडाला. आणि हार कुणाला? धोंडुबाईला. लोक येत होते, म्हातारीच्या पाया पडायला वाकत होते, मग गोंधळत होते, कारण पाय एकच. ती बाजेवर बसून एकेकाला सांगायची, "नाथानं पाय घेतला आन् माज्या सुनंला पास केलं. सवदा चोख हाय त्याचा." चेहरा इतका उजळायचा की तिला दुखत असेल असं वाटायचंच नाही. लोक ताईंकडे बघायचे, आणि ताई म्हणायच्या, "व्हय. नाथाचीच किरपा."

मला राग आला. तीन महिने पहाटे उठली कोण? चुकांचे ढीग कुणी केले? एकदा मी खिचडीचा डाव आपटून विचारलंच, "ताई, तुमी असं का म्हनता?"

त्या म्हणाल्या, "मने, माज्या अभ्यासानं झालं म्हनले, तर त्यांचा पाय फुकट गेला."

मीही तेच म्हणायला लागले. वाडीच म्हणायला लागली. म्हातारी त्याच्यावर जगत होती. कुबडीने अंगणात यायची, पडायची, रडायची, मग म्हणायची, "असू दे, पोरगी साहेब झाली."

पुढच्या वर्षी राहिलेल्या जागांची जाहिरात परत आली. शेजारच्या वाडीची सेविका अपेक्षा एका रविवारी ताईंकडे आली. ताई वडूजहून आल्या होत्या, मी भाजी निवडत बसले होते. अपेक्षाबरोबर तिची आई तानुबाई होती. अपेक्षाला आराखडा हवा होता. ताई तिला समजावून सांगत होत्या: आधी जुने पेपर बघ, जे येतं तेच धर, रविवारी नवं काही करू नकोस, दुसऱ्या महिन्यात मार्क पडले तर घाबरू नकोस, ते पडतातच.

बाजेजवळ तानुबाई धोंडुबाईला विचारत होती. "धोंडुआक्का, तुमी संकल्प कसा सोडला वं? म्हसवडलाच जावं लागतं का हितं चालतं?"

धोंडुबाई खुलली. तिने सगळं सांगितलं, पाडव्याची आंघोळ, ठाण्यातला खांब, फराळ. "मन घट्ट ठेव. कुनी बस म्हनलं तरी बसू नगंस. पोरीला साहेब करायचंय न्हवं?"

"माजी बी साखर हाय, आक्का. रोज सुई घेते. चालंल न्हवं?"

"मला न्हवती व्हय? त्यानं काय हुतंय!"

ताई बोलायच्या थांबल्या. अपेक्षाने आराखड्यावर मान घातली होती. तिने आईचं बोलणं ऐकलंच होतं आणि ती गप्प होती. ते गप्प राहणं मी ओळखलं. ताईंनीही ओळखलं असणार.

त्या उठल्या आणि बाजेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तानुमावशी, उभ्यानं काय हुत न्हाई. तुमी उभ्या राहू नगा."

"आवं पन तुमचं झालं की!"

"माजं अभ्यासानं झालं. दिवाळीच्या आदीच मला अकरा पडत हुते. आत्या पाडव्याला उभ्या राह्यल्या. त्या उभ्या राह्यल्या नसत्या तरी मी पास झाले असते. त्यांचा पाय मी बघितला हुता. तवाच न्यायला पायजे हुतं. मी माजा पेपर बघितला. पाय उगंच गेला, मावशी. कायबी उपेग झाला न्हाई त्येचा."

तानुबाई तोंडाला पदर लावून बसली. अपेक्षा उठून आईच्या शेजारी आली आणि तिचा हात धरला. म्हणाली, "आये, तू उभी न्हाई राह्यची. माजी शपथ हाय." एवढं तरी झालं.

धोंडुबाई सुनेकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचं ते तिखट तोंड मला त्या वेळी हवं होतं. तिने लुगड्याचा सोगा ओढून घेतला आणि गुडघ्याखाली जिथे काहीच नव्हतं तिथे नीट पांघरला.

"दिवाळीच्या आदीच अकरा पडत हुते?" तिने विचारलं.

"व्हय, आत्या."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं हुतं. पेढा बी आनला हुता, साखर म्हनून तुमाला दिला न्हाई."

"मला काय कळतंय अकरा म्हंजी किती," धोंडुबाई म्हणाली.